चौदा टक्क्यांचा कौल

नवऱ्याचं नाव बाईनं घेऊ नये असं आमच्याकडे म्हणतात. मीही घेत नव्हते. पण सोसायटीच्या कागदावर दोघांची नावं मोठ्यानं सांगावी लागली, तेव्हा एकदा घेतलं आणि आभाळ काही कोसळलं नाही. म्हणून इथंही घेते. माझ्या नवऱ्याचं नाव झिलू. मी केशर.

झिलूच्या घरातले पुरुष एकेचाळीस पुरी झाली की बेचाळीस व्हायच्या आत जातात. हे मला लग्नाआधी कुणी सांगितलं नाही. लग्न जमवताना शेत सांगतात, म्हशी सांगतात, हे कोण सांगणार? माझे सासरे लाडू एकेचाळिसाचे असताना भाताच्या मळणीवर छाती धरून बसले ते उठलेच नाहीत. थोरले दीर गुणा त्याच वयाला, विहिरीवर पाणी शेंदताना. दोघंही धडधाकट. दोघांचेही दात शाबूत आणि केस काळे. त्यामुळं आमच्या घरात म्हातारा माणूस कसा दिसतो हे कुणाला ठाऊकच नव्हतं.

झिलू चाळिशीला टेकला तेव्हा त्याच्या डोक्यात गिरणी शिरली. आमचं गाव रामनगरपासून आत, जंगलाच्या कडेला. तेव्हा गावात वीज नव्हती. भात सडायला डोक्यावर पोतं घेऊन बाया मैलोनमैल जायच्या. डिझेलचं इंजिन, भात सडायचा हलर आणि पिठाची चक्की, सगळं बसवून बेळगावचा दुकानदार चोवीस हजार म्हणत होता. आसपासच्या चार गावांचं भात आपल्याकडे येईल, असं झिलूचं म्हणणं. ते खरंच होतं. पण मला त्याची घाई कळत होती. माणूस प्रवासाला निघण्याआधी घरात लाकडं भरून ठेवतो तशी ती घाई होती. आपल्यामागं बायकोच्या हाताशी काहीतरी चालतं असावं, एवढाच त्याचा हिशेब.

कर्ज दोन ठिकाणी मिळत होतं. एक रामनगरची सोसायटी, व्याज अठरा टक्के. दुसरी बेळगावची एक फायनान्स कंपनी, व्याज चौदा टक्के. कंपनीचा एजंट यशवंत आमच्याच लांबच्या नात्यातला. केसाला तेल, खिशाला दोन पेनं आणि तोंडाला कायम साखर.

पौषातल्या एका सकाळी तो आमच्या अंगणात खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "वैनी, अठरा मोठं का चौदा? ह्याला काय शाळा शिकाय लागती?"

मी सातवी पास होते, खानापूरकडच्या शाळेत. मी म्हटलं, "चौदा तर चौदा. पण सगळं मिळून किती जाणार ते सांग. आमच्या हातात काय येणार आनी हातातनं काय जाणार?"

"घटत्या बाकीवर व्याज हाय, वैनी. जेवढं फेडाल तेवढं कमी. फसवाफसवी न्हाई."

ह्यात तो खोटं बोलत नव्हता. मग सावकाश बाकीचं निघालं. प्रोसेसिंग फी तीन टक्के, म्हणजे सातशे वीस रुपये. आणि कर्जदाराचा विमा, दोन वर्षांचा एकदम, तेराशे वीस रुपये. दोन्ही आधीच कापून घेणार. म्हणजे कागदावर चोवीस हजार, हातात एकवीस हजार नऊशे साठ, आणि व्याज मात्र पुऱ्या चोवीस हजारावर. दुकानदार तर पैसा कमी घेणार नव्हता. वरचे दोन हजार चाळीस आम्ही कुठून आणायचे?

"विमा नको आमाला," मी म्हटलं.

"तसं चालत न्हाई. कंपनीचा नियम हाय. आनी वैनी, विमा म्हंजे काय ते कळलं काय? दोन वर्सांत झिलूभाऊंचं काय बरं-वाईट झालं, तर कर्ज विमा फेडनार. तुमच्या डोक्यावर पैसा न्हाई."

झिलू खांबाला टेकून बसला होता. आता त्यानं मान वर केली. तहानलेल्या माणसाला पाणी दिसावं तसा तो यशवंताकडे बघत होता.

यशवंतानं विम्याचा कागद काढला आणि विचारायला लागला. वय किती, आजार काय, वडील आहेत का, कशानं वारले, किती वयाला.

"एकेचाळीस," झिलू म्हणाला.

यशवंताचं पेन थांबलं. "आनी भाऊ?"

"तोबी एकेचाळीस."

यशवंत हसला. "असं लिवलं तर कंपनी विमा देनार न्हाई, न्हाईतर दुप्पट पैसे मागंल. वडील सत्तर लिवतो, म्हातारपणानं. भाऊ लिवतच न्हाई." आणि त्यानं लिहूनही टाकलं. "मंगळवारी येतो, तवर घरात बोलून घ्या. मग सही."

तो गेला. माझे सासरे कागदावर सत्तर वर्षांचे झाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मागच्या पडवीत भात पाखडत होते. घरात कुणी नव्हतं. आणि आतून आवाज आला, ठक ठक ठक. बारीक, सावकाश, मध्येच थांबून परत. मी सूप खाली ठेवलं. तो आवाज मला माहीत होता. माझ्या माहेरी आजोबांचे दात पडले तेव्हा ते छोट्या खलबत्त्यात पान कुटून खायचे, त्याचा तो आवाज. पण आमच्या ह्या घरात तसला खलबत्ता नव्हताच. इथं पान कुटून खाण्याएवढं कुणी जगलंच नव्हतं.

मी उठून आत गेले. माजघर रिकामं. चुलीत राख. मांजर दारात पाय मुडपून बसलं होतं आणि कोपऱ्याकडे बघत होतं. मी भित्री नाही. भांडायला उभी राहिले तर भुतालाही पाटलाकडे नेईन. पण त्या दुपारी मी अंगणात येऊन उन्हात उभी राहिले आणि झिलू येईपर्यंत परत आत गेले नाही.

संध्याकाळी त्याला सांगितलं नाही. जेवताना तोच म्हणाला, "बाबा आल्यात."

"कुटं?"

"घरात. मिळालेली वर्सं मागाय आल्यात. यशवंतानं येकोनतीस वर्सं दिली न्हवं त्यांना?" असं म्हणून त्यानं भाताचा घास घेतला, जणू पाहुणा आल्याचं सांगत होता. मला भीती वाटली, आणि भीतीपेक्षाही संताप आला. मेलेल्याला एकोणतीस वर्षं फुकट देणारा तो कोण टिकोजीराव?

सोमवारी झिलू देवळात गेला आणि कौल लावला. आमच्याकडे मोठं काम असलं की देवाला विचारतात. पुजारी ओल्या पाकळ्या देवाच्या दगडावर डाव्या-उजव्या बाजूला चिकटवतो, आणि उजवी पाकळी आधी पडली की होकार. झिलू परत आला तो हलका होऊन. "उजवी पडली. कंपनीचंच घ्यायचं."

आता देवानं सांगितल्यावर बायकोनं काय बोलायचं? पण माझ्या डोक्यात हिशेब घुसला होता आणि तो बाहेर निघत नव्हता. मी म्हटलं, "मी उद्या सकाळी रामनगरला जाते. सोसायटीत विचारून येते. विचाराय काय पैसे पडत न्हाईत."

सोसायटीचे सेक्रेटरी कृष्णा मास्तर हे तंबाखू चोळत बोलणारे आणि बोलता बोलता रागावणारे गृहस्थ. शाळेतली मास्तरकी सोडून किती वर्षं झाली तरी माणसाला पोर समजूनच बोलत. त्यांनी मला पाटी-पेन्सिल दिल्यासारखा कागद दिला.

"लिव. चोवीस हजार, चोवीस हप्ते. दर म्हयन्याला मुद्दल किती?"

"हजार."

"आनी व्याज म्हयन्याला दीड टक्का. पयल्या म्हयन्याला चोवीस हजारावर, म्हंजे तीनशे साठ. दुसऱ्याला तेवीस हजारावर. असं उतरत उतरत शेवटच्या हजारावर पंधरा रुपये. समदी बेरीज मार."

मी बेरीज मारली. साडेचार हजार.

"आनी आमची फी एक टक्का, दोनशे चाळीस. ती येगळी रोख भर, कर्जातनं कापत न्हाई. शेअरचे शंभर, ते कर्ज फिटल्यावर परत. विमा-बिमा कायबी न्हाई."

म्हणजे चार हजार सातशे चाळीस. मग त्याच कागदाच्या मागं मी कंपनीचं मांडलं. तसेच उतरते हप्ते, चौदा टक्क्यांनी व्याज साडेतीन हजार. इथं कंपनी हजारानं स्वस्त. फीचे सातशे वीस मिळवले तरी चार हजार दोनशे वीस, अजून पाचशे वीसनं स्वस्तच. आणि मग विम्याचे तेराशे वीस. पाच हजार पाचशे चाळीस.

मी आकड्याकडे बघत राहिले. अठरा टक्क्यांचं कर्ज आठशे रुपयांनी स्वस्त होतं. सगळा फरक त्या विम्याचा होता.

मास्तर म्हणाले, "पन येक सांगतो. विमा म्हंजे फुकटचा खर्च न्हवं. मानूस गेलाच तर आमची सोसायटी कर्ज सोडत न्हाई. तवा आठशे रुपये महाग का स्वस्त, ते तुझं तू ठरव."

त्यांनी हे सांगायला नको होतं, असं तेव्हा वाटलं. घरी येताना जंगलातल्या वाटेनं मी नुसती तेच घोळवत होते. आठशे रुपये जास्त द्यायचे म्हणजे नवरा मरणार हे मानायचं. न द्यायचे म्हणजे त्याच्या भीतीला हसायचं. आणि बाबा घरात पान कुटत बसलेले.

मी पोचले तेव्हा यशवंत आधीच येऊन बसला होता आणि झिलूच्या हातात पेन होतं.

"थांबा," मी ओरडले. "यशवंता, एक विचारू? ह्ये दोन वर्सांत गेले, तर विम्याचं मानूस चौकशीला येतं काय?"

यशवंतानं साखर आवरली. "दोन वर्सांच्या आत आसलं तर येत्यात. तसा रिवाजच हाय."

"गावात विचारनार, बाप कवा मेला?"

"विचारत्यात... कायतरी."

"आनी गावातलं शेंबडं पोरबी सांगंल, एकेचाळीस. मग?"

मी कागद यशवंतापुढं धरला आणि खालच्या बारीक इंग्रजी ओळी वाचायला लावल्या. त्यानं चाचरत अर्थ सांगितला. वर लिहिलेलं सगळं खरं आहे, खोटं निघालं तर विमा रद्द, भरलेले पैसेही जप्त.

"म्हंजे तेराशे वीस बी गेले आनी कर्जबी माज्या डोक्यावर," मी म्हटलं. "ह्ये जगले तर विमा लागत न्हाई. मेले तर विमा मिळत न्हाई. मग ह्यो विमा हाय कुनाचा रे? तुज्या कमिशनचा?"

यशवंतानं कागद पिशवीत घातले. जाता जाता म्हणाला, "भाऊ, वैनीला आवरा." पण झिलूचं त्याच्याकडं लक्षच नव्हतं.

"देवानं कौल दिला हुता," तो म्हणाला. त्याचा आवाज लहान पोरासारखा झाला होता.

"देवाला विचारलं तरी काय तुमी? चौदा कमी का अठरा?"

त्यानं मान हलवली. मग म्हणाला, "व्याजाचं न्हाई विचारलं. कंपनीचं घेतलं तर मी गेल्यावर केशरच्या डोक्यावर कर्ज न्हाई ऱ्हानार न्हवं, तेवडंच विचारलं."

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. मी एवढे दिवस त्याला व्याजाचा वेडा समजत होते. मी त्याच्याजवळ बसले. "देव खोटं न्हाई बोलला. पन तुमी त्याला अर्धंच सांगितलं. बापाचं वय खोटं लिवलंय, ह्ये सांगितलं व्हतं?"

"न्हाई."

"मग देव तरी काय करनार? जेवडं पुढ्यात ठेवलं तेवड्यावरच त्यो सांगनार."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं सोसायटीत गेलो. कर्ज दोघांच्या नावावर, जामीन माझा भाऊ. मास्तरांनी नियम वाचून दाखवला, एक गेला तरी दुसऱ्यानं फेडायचं. मी दोघांची नावं मोठ्यानं सांगितली आणि सही केली. झिलूनं पेन हातात घेतलं आणि तसाच बसून राहिला. मागं माणसं खोळंबली. मास्तरांनी तंबाखू थुंकली आणि रागावून म्हणाले, "कर की सही!"

झिलू माझ्याकडं वळून हळूच म्हणाला, "म्हंजे आता मला मरता येनार न्हाई."

"न्हाई," मी म्हटलं. "फिटंस्तवर न्हाई."

त्यानं सही केली.

घरातला आवाज त्यानंतर आला नाही. किंवा इंजिन सुरू झाल्यावर दुसरं काही ऐकूच येईना, हेही असेल. मी झिलूला म्हटलं, मला चालवायला शिकवा. पहिल्या दिवशी इंजिनाचं हँडल उलटं फिरून बसलं आणि माझं मनगट टोपलीएवढं सुजलं. तरी शिकले. बाया हसल्या, मग त्याच बाया भात घेऊन आल्या. हप्ता महिन्याच्या महिन्याला जायचा आणि दर वेळी व्याज पंधरा रुपयांनी उतरायचं. झिलू ते पंधरा रुपये उतरताना बघायचा आणि त्याचा चेहराही उतरायचा. मला कळायचं नाही, आपलं ओझं हलकं होतंय आणि हा माणूस का सुकतोय.

त्याला एकेचाळीस पुरी झाली, म्हणजे वडील आणि भाऊ गेले ते वय आलं. त्या श्रावणात त्याला ताप भरला. पाऊस असा की वाट बंद, डॉक्टर येईना. चौथ्या दिवशी भर दुपारी तो उठून बसला आणि उघड्या दाराकडे बघत बोलायला लागला. दारात कुणी नव्हतं. उंबऱ्याच्या आत मात्र ओली पावलं होती, आणि मी सकाळपासून बाहेर गेले नव्हते.

"बाबा, आत्ता जमनार न्हाई," झिलू म्हणत होता. "पाच हप्ते ऱ्हायल्यात. दादाला बी सांगा. पाच हप्ते हायत अजून."

थोडा वेळ तो ऐकत राहिला, कुणी समजावत असावं तसा. मग म्हणाला, "व्हय. फिटल्यावर बघू." आणि आडवा होऊन झोपला. दुसऱ्या दिवशी ताप उतरला. मी पावलं पुसली आणि त्याला कधी विचारलं नाही. पण "फिटल्यावर बघू" हे शब्द माझ्या डोक्यातून गेले नाहीत.

मी बोटं मोजली. शेवटचा हप्ता पौषात. झिलूचा जन्म शिमग्यातला, बेचाळीस तेव्हा पुरी होणार. मध्ये दोन महिने उघडे पडत होते. दोन महिने त्याच्याकडे बाबांना सांगायला काहीच नसणार होतं.

पौष आला. एक हजार पंधरा रुपये मी डाळीच्या डब्यात तळाशी ठेवले आणि भरले नाहीत. सोसायटीचा निरोप आला. मी म्हटलं, पैसे नाहीत. भाऊ तावातावानं आला, जामीन तो होता. मी त्याच्याशी भांडले, दोन वर्षं गिरणी नीट चाललेली असताना खोटं रडले. रामनगरच्या बाजारात मास्तर भेटले आणि चारचौघांत म्हणाले, शेवटच्या हजाराला बुडवणारी पहिलीच बघितली. मी मान खाली घातली. झिलू रात्री-अपरात्री नाही, अगदी इंजिनाला तेल घालता घालता विचारायचा, "भरला काय हप्ता?"

"न्हाई. अजून एक हाय."

"बरं," तो म्हणायचा आणि परत कामाला लागायचा.

त्या दोन महिन्यांत कुत्री दारात नुसती भुंकायची. सांजेला गिरणी बंद केली की इंजिनाचा पट्टा आपोआप एक फेरा घ्यायचा. मी काही बघितलं नाही असं करायचे आणि डाळ वरवरचीच काढायचे.

शिमगा झाला. पोरांनी होळीची राख कपाळाला लावली. तिसऱ्या दिवशी सकाळी मी न्हाऊन आले तर झिलू चुलीपुढं बसला होता. पुढ्यात सुपात डाळ ओतलेली आणि हातात नोटा.

"तुमाला कवा कळलं?"

"पयल्याच आठवड्यात. डाळ काडताना हाताला लागल्या." तो नोटा सरळ करत होता. "मीबी काय बोललो न्हाई. म्हटलं, हिला ठावं हाय ती काय करती." मग वर बघून म्हणाला, "बेचाळीस झाली न्हवं?"

"झाली. परवाच."

आम्ही दोघं रामनगरला गेलो. मास्तरांनी दोन महिन्यांचं जादा व्याज तीस आणि दंड चाळीस लावला, सत्तर रुपये. पावती फाडताना माझ्यावर तोंडसुख घेतलं. वेळेवर भरलं असतं तर हे सत्तर वाचले असते, एवढा हिशेब शिकवला तो पाण्यात गेला, वगैरे. मी ऐकून घेतलं.

झिलूनं पावती घेतली, घडी केली आणि खिशात ठेवली. त्याच्या कानाजवळ पहिल्यांदाच दोन पांढरे केस आले होते.

"महाग न्हाई पडलं, मास्तर," तो म्हणाला.